वसतिगृहातील घरचा खाऊ

वसतिगृहातील घरचा खाऊ म्हणजे शिक्षणासाठी घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरून पाठवले जाणारे टिकाऊ खाद्यपदार्थ. मुंबईच्या उपनगरांतील वसतिगृहांत येणाऱ्या अशा डब्यांत लाडू, थेपला आणि चिवडा हे तीन पदार्थ प्रामुख्याने आढळतात. वसतिगृहाच्या खोलीत बहुधा शीतकपाट नसते, आणि शेगडी किंवा विजेची उपकरणे वापरण्यासही बहुतेक ठिकाणी मनाई असते. त्यामुळे पदार्थ किती दिवस खाण्याजोगा राहील हे तो घरी कसा केला, कसा बांधला आणि खोलीतील हवा कशी आहे यांवर ठरते. हे तीन पदार्थ तीन वेगवेगळ्या रीतींनी बिघडतात. थेपल्याला बुरशी येते, चिवडा सादळतो आणि लाडू, त्यात ओलावा नसेल तर, बऱ्याच काळाने खवट होतो.

## पार्श्वभूमी

मुंबईच्या उपनगरांत मोठी निवासी शिक्षणसंकुले आहेत. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था (स्थापना १९५८), विद्याविहार येथील सोमय्या संकुल (१९५९), देवनार येथील टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि कलिना येथील मुंबई विद्यापीठाचा परिसर ही त्यांतील काही ठळक उदाहरणे होत. यांखेरीज अंधेरी, घाटकोपर, मुलुंड व बोरिवली येथे समाजसंस्थांची वसतिगृहे आणि घरगुती पद्धतीने चालणारी पेइंग गेस्ट निवासस्थानेही आहेत. खानदेश, विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातून येणाऱ्या विद्यार्थ्यांचा खाऊ बहुधा रात्रीच्या रेल्वेने किंवा एस.टी.ने येतो. गुजरातहून येणारा डबा पश्चिम रेल्वेने बोरिवलीला उतरतो.

लाडू आणि चिवडा हे महाराष्ट्राच्या दिवाळीच्या फराळातले पदार्थ आहेत. थेपला मूळचा गुजराती. घाटकोपर, मुलुंड व बोरिवली येथे गुजराती व कच्छी वस्ती मोठी असल्याने तो तेथील मराठी घरांतही परिचयाचा झाला आहे. महाविद्यालयीन वर्ष जून-जुलैत सुरू होते, आणि पाऊसही मुंबईत सामान्यतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचतो. त्यामुळे नव्या विद्यार्थ्याचा पहिला डबा नेमका वर्षातील सर्वांत दमट काळात येतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या हवेतील सरासरी सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. जळगाव किंवा सोलापूर येथे उन्हाळ्यात महिनाभर टिकणारा पदार्थ मुंबईत पावसाळ्यात तितके दिवस टिकत नाही, याचे मुख्य कारण हेच आहे.

## टिकाऊपणाचे तत्त्व

पदार्थात एकूण पाणी किती आहे यापेक्षा त्यातील किती पाणी सूक्ष्मजीवांना वापरता येते हे महत्त्वाचे असते. साखर आणि मीठ पाण्याला धरून ठेवतात, म्हणून साखरेच्या पाकात पाणी असूनही ते जीवाणूंना सहजी मिळत नाही. हे उपलब्ध पाणी शून्य ते एक या मापात मोजतात. शुद्ध पाण्याचे माप १ धरले, तर बहुतेक जीवाणूंची वाढ सुमारे ०.९ च्या खाली थांबते. विषबाधा करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू ०.८६ च्या आसपासपर्यंत तग धरतो. कोरड्यातही वाढणाऱ्या काही बुरशी सुमारे ०.६१ पर्यंत वाढू शकतात. त्याखाली कोणताही सूक्ष्मजीव वाढत नाही.

या मापाने तीन पदार्थांची जागा स्पष्ट होते. थेपला मऊ असतो, म्हणजेच त्यात मोकळे पाणी भरपूर असते, आणि तो जीवाणू व बुरशी या दोहोंच्या टप्प्यात येतो. कोरड्या बेसनाचा लाडू आणि कुरकुरीत चिवडा या मर्यादेच्या बरेच खाली असतात. त्यांना धोका बाहेरून येणाऱ्या ओलाव्याचा आणि तूप-तेलावर होणाऱ्या हवेच्या परिणामाचा असतो. भाजणे, तळणे, पाक करणे या घरगुती क्रियांचा टिकाऊपणाच्या दृष्टीने अर्थ एकच, तो म्हणजे मोकळे पाणी घालवणे किंवा बांधून ठेवणे.

## लाडू

सर्व लाडू सारखे टिकत नाहीत. त्यांचे टिकणे लाडवात पाणी कोणत्या वाटेने शिरले यावर अवलंबून असते.

बेसनाच्या लाडवासाठी साधारणतः ४ वाट्या जाडसर बेसन, सव्वा ते दीड वाटी तूप आणि २ वाट्या पिठीसाखर घेतात. बेसन मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजले की त्यातील ओलावा निघून जातो, रंग बदलतो, खमंग वास सुटतो आणि पीठ तूप सोडू लागते. तुपात पाणी जवळजवळ नसतेच. पीठ कोमट झाल्यावरच साखर मिसळतात, कारण गरम पिठात ती विरघळते आणि लाडू वळल्यावर बसतात. अशा लाडवात सूक्ष्मजीवांच्या उपयोगाचे पाणी राहत नाही. म्हणून तो पावसाळ्यातही सुमारे दोन आठवडे आणि थंडीत तीन ते चार आठवडे चांगला राहतो.

पीठ दाणेदार व्हावे म्हणून काही घरांत भाजताना त्यावर दुधाचा हबका मारतात. पातेले आचेवर असताना हे केले आणि फसफस पूर्ण थांबेपर्यंत पुढे भाजले, तर ते पाणी उडून जाते व टिकाऊपणा फारसा घटत नाही. मात्र लाडू वळले जात नाहीत म्हणून शेवटी दुधाचा हात लावला, तर ते दूध लाडवातच राहते. असा लाडू बेसनाचा असला तरी दोन-तीन दिवसांत संपवावा लागतो. लाडू सुटू लागल्यास दुधाऐवजी चमचाभर पातळ केलेले तूप घालणे हा त्यावरचा उपाय आहे.

रव्याच्या लाडवात ओले खोबरे घातले की त्याचा वर्गच बदलतो. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते, आणि पाक एकतारीपेक्षा कच्चा राहिला तर त्यात आणखी भर पडते. असे लाडू पावसाळ्यात दोन ते तीन दिवसांत आंबूस होतात. अळिवाच्या लाडवात खोबरे आणि गूळ दोन्ही ओलसर असल्याने त्यालाही हेच लागू पडते. याउलट डिंकाच्या लाडवात डिंक तुपात फुलवलेला, खोबरे सुके व भाजलेले आणि खारीक कोरडी कुटलेली असते. तो थंडीत महिनाभर सहज टिकतो.

बाजारच्या मिठाईसाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने घालून दिलेल्या मार्गदर्शक मुदतींतही हाच क्रम दिसतो. कलाकंद त्याच दिवशी खाण्याचा, बंगाली मिठाई दोन दिवसांची, तर बेसन लाडू व कणकेचा लाडू ३० दिवसांपर्यंतचा मानला आहे. सुट्या मिठाईच्या ताटासमोर ‘या तारखेपूर्वी खावे’ अशी पाटी लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून दुकानदारांवर बंधनकारक आहे. घरच्या डब्यावर अशी पाटी नसते, म्हणून डब्याच्या झाकणावर लाडू केल्याची तारीख लिहून पाठवण्याची पद्धत उपयुक्त ठरते.

बेसनाचा लाडू बिघडल्याची पहिली खूण वासात सापडते. जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा वास येऊ लागला आणि जिभेवर कडवट चव राहिली की तूप खवट झाले असे समजतात. अशा लाडवाने तत्काळ विषबाधा होत नाही, पण तो खाण्यात अर्थ उरत नाही. पृष्ठभागावर पांढरट किंवा हिरवट लव दिसली, तर मात्र ती बुरशी असते. थंडीत तूप गोठल्यानेही लाडवावर पांढुरके ठिपके येतात. हे ठिपके बोटाच्या उबेने वितळतात, बुरशी वितळत नाही.

## थेपला

थेपला हा तिघांतील सर्वांत नाजूक पदार्थ होय. कणीक, थोडे बेसन, चिरलेली मेथी, तीळ, हळद, तिखट, मीठ, दही आणि तेलाचे मोहन हे त्याचे घटक असतात. दह्याच्या आंबटपणाने जीवाणूंची वाढ काहीशी मंदावते आणि तेलाने पोळी मऊ राहते, म्हणून तो साध्या पोळीपेक्षा जास्त टिकतो. प्रवासासाठी थेपला करताना पीठ पाण्याऐवजी दह्यातच भिजवतात, मेथी धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करतात किंवा तिच्या जागी कसुरी मेथी वापरतात. पोळी पातळ लाटून दोन्ही बाजूंनी तेल सोडून नीट भाजतात. कांदा, लसूण, दुधी किंवा उकडलेला बटाटा अशा थेपल्यात घालत नाहीत.

थेपला सर्वाधिक बिघडतो तो बांधताना. तव्यावरून काढलेले थेपले एकावर एक रचून लगेच फॉइलमध्ये गुंडाळले की त्यांची वाफ आत अडकते. ती थंड होऊन पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि नेमक्या त्या जागी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशीचे ठिपके उठतात. म्हणून थेपले सुती फडक्यावर सुटे पसरून पूर्ण निवू देतात व नंतर चार-पाचांच्या थप्प्या वेगवेगळ्या बटर पेपरात बांधतात. त्यामुळे रोज एकच पुडी उघडली जाते आणि बाकीच्यांना हात लागत नाही. वर्तमानपत्रात पदार्थ बांधू नयेत असे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने सांगितले आहे, कारण शाईतील घटक तेलकट पदार्थात उतरतात.

ताज्या मेथीचा थेपला पावसाळ्यात करण्याच्या वेळेपासून सुमारे दोन दिवस आणि थंडीत तीन ते चार दिवस टिकतो. कसुरी मेथीचा, दह्यात भिजवलेला व खरपूस भाजलेला थेपला थंडीत पाच ते सात दिवसांपर्यंत जातो.

बिघाडाच्या दोन खुणा असतात. एक म्हणजे बुरशी. ती आधी पांढऱ्या कापसासारखी दिसते, मग हिरवी किंवा काळी होते. दुसरी खूण बुरशी नसतानाही येते. थेपला बोटाला चिकट लागतो, पिकून गेलेल्या फळासारखा गोडसर वास येतो आणि तुकडा मोडताना बारीक तार सुटते. कणकेतील बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू तव्याच्या आचेत मरत नाहीत व दमट उष्ण हवेत पुन्हा वाढतात, त्याचा हा परिणाम असतो. बुरशी लागलेला भाग तोडून उरलेला थेपला खाणे सुरक्षित नसते, कारण मऊ पदार्थात बुरशीचे तंतू न दिसता दूरवर पसरलेले असतात. त्या पुडीतील सर्वच थेपले टाकावे लागतात.

बिघडत चाललेला पदार्थ गरम केला की खाण्याजोगा होतो, हा समजही चुकीचा आहे. हाताळताना शिरलेला स्टॅफिलोकोकस जे विष तयार करतो ते उकळण्याच्या तापमानालाही टिकते. गरम केल्याने जीवाणू मरतात, पण विष तसेच राहते.

### खाकरा

थेपल्याचा टिकाऊ भाऊ म्हणजे खाकरा. तेच पीठ कागदासारखे पातळ लाटून, तव्यावर लाकडी दट्ट्याने दाबत कडक होईपर्यंत भाजले की त्यातील मोकळे पाणी जाते व पदार्थ दिवसांऐवजी आठवडे टिकतो. जैन आहारपरंपरेत या फरकाला नियमाचे रूप आले आहे. मऊ रोटली रात्र उलटल्यावर ‘वासी’ मानून वर्ज्य केली जाते. खाकरा, कोरडा फरसाण व मिठाई यांना मात्र ऋतूनुसार मुदत असते. ती थंडीत ३० दिवस, उन्हाळ्यात २० दिवस आणि चातुर्मासात १५ दिवस मानली जाते. सूक्ष्मजीवशास्त्राचा आधार न घेता ठरलेली ही मुदत मुंबईच्या पावसाळ्यातील अनुभवाशी बरीच जुळते.

## चिवडा

चिवडा क्वचितच विषारी होतो. त्याचा बिघाड म्हणजे सादळणे, आणि त्यानंतर खवट होणे. पातळ पोह्यांचा चिवडा करताना पोहे आधी उन्हात तापवतात किंवा मंद आचेवर चुरचुरीत होईपर्यंत भाजतात. फोडणीत शेंगदाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे काप, मिरच्या आणि कढीपत्ता क्रमाने तळतात. मिरची आणि कढीपत्ता हे यातले दोनच ओले घटक असल्याने ते पूर्ण कडक होईपर्यंत तळणे आवश्यक असते. कढीपत्त्याचे पान बोटांत चुरले गेले नाही, तर त्यातले पाणी दोन दिवसांत भोवतालच्या पोह्यांत उतरते. पिठीसाखर चिवडा निवल्यावरच घालतात.

डबा उघडल्यावर चिवडा वेगाने का सादळतो, याचे उत्तर मिठात आहे. हवेची आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी ओढून ओले होते. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटते ते यामुळेच. मुंबईच्या पावसाळ्यात आर्द्रता बहुतांश वेळ या मर्यादेच्या वर असते, म्हणून पोह्यांवरचे मीठ प्रत्येक वेळी डबा उघडताच ओलावा आत ओढते. खोलीतील तिघांनी दिवसातून चारदा डबा उघडला, तर चिवडा तीन-चार दिवसांतच मऊ पडतो. तोच चिवडा छोट्या हवाबंद पिशव्यांत वाटून ठेवला, तर न उघडलेल्या पिशव्या सुमारे तीन आठवडे कुरकुरीत राहतात.

नुसता सादळलेला चिवडा खाण्यास हानिकारक नसतो. घरी तो कोरड्या कढईत मंद आचेवर परतून पूर्ववत करता येतो. वसतिगृहात शेगडी नसल्याने हा मार्ग बंद असतो. खवटपणा मात्र परतूनही जात नाही. तो आधी शेंगदाण्यांत व खोबऱ्याच्या कापांत कळतो, म्हणून जुना चिवडा तपासताना खोबऱ्याचा एक काप आधी चाखतात. शेंगदाण्यावर हिरवट-पिवळी बुरशी दिसल्यास चिवडा पूर्ण टाकून द्यावा लागतो. शेंगदाण्यावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करते आणि ते भाजण्याने पूर्णपणे नष्ट होत नाही.

## टिकण्याचा अंदाज

पुढील मुदती घरगुती अनुभवावर आधारलेल्या असून त्या पदार्थ केल्याच्या वेळेपासून मोजायच्या आहेत. डबा हातात पडल्यापासून त्या मोजत नाहीत.

| पदार्थ | पावसाळा | थंडी | बिघाडाची पहिली खूण |
|---|---|---|---|
| थेपला (ताजी मेथी) | २ दिवस | ३–४ दिवस | चिकटपणा, ठिपके |
| थेपला (कसुरी मेथी, दही) | ३–४ दिवस | ५–७ दिवस | चिकटपणा, ठिपके |
| रवा-ओले खोबरे लाडू | २–३ दिवस | ४–६ दिवस | आंबूस वास |
| बेसन लाडू | सुमारे २ आठवडे | ३–४ आठवडे | खवट वास |
| डिंकाचा लाडू | सुमारे ३ आठवडे | महिनाभर | खवट वास |
| चिवडा (बंद पिशवी) | सुमारे ३ आठवडे | महिनाभर | मऊपणा, खवट खोबरे |

## एका डब्याचे उदाहरण

जुलै महिन्यात जळगावहून विद्याविहारच्या वसतिगृहात येणारा डबा उदाहरणादाखल घेता येईल. त्यात ताज्या मेथीचे २० थेपले, रवा-खोबऱ्याचे १० लाडू, बेसनाचे २४ लाडू आणि १ किलो चिवडा आहे. थेपले शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजता झाले, रात्रीच्या गाडीने निघाले आणि शनिवारी सकाळी ७ वाजता खोलीत पोहोचले. विद्यार्थ्याच्या दृष्टीने थेपले ‘आजच आले’, परंतु त्यांचे १४ तास आधीच सरले आहेत. दोन दिवसांची मुदत रविवारी संध्याकाळी संपते. खोलीत तिघे असतील, तर शनिवारी १२ व रविवारी ८ थेपले संपवणे हा सरळ हिशेब होतो. सोमवारच्या न्याहारीसाठी राखून ठेवलेले थेपले हेच बहुधा फेकावे लागतात.

रवा-खोबऱ्याचे लाडू शुक्रवारीच झाले असल्याने त्यांना सोमवारची दुपार ओलांडू देणे योग्य नाही. बेसनाचे लाडू दोन डब्यांत १२-१२ करून ठेवले, तर पहिला डबा चालू असताना दुसऱ्याला हवा आणि ओले हात लागत नाहीत. रोज दोन लाडू याप्रमाणे ते १२ दिवस पुरतात, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच संपतात. चिवड्याच्या २०० ग्रॅमच्या पाच पिशव्या करून एका वेळी एकच उघडली आणि ती तीन दिवसांत संपवली, तर शेवटची पिशवी पंधराव्या दिवशी संपते. हा क्रम उलटा झाला, म्हणजे चिवडा व बेसन लाडू आधी खाऊन थेपले ‘नंतर’साठी ठेवले, तर डब्यातील सर्वांत कष्टाचा भाग वाया जातो.

डबा ठेवण्याची जागाही महत्त्वाची असते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीला टेकलेले कपाट किंवा ओले कपडे वाळत घातलेली खिडकी टाळतात. मुंग्यांसाठी लाडवाचा डबा पाण्याच्या थाळीत ठेवण्याची घरची युक्ती वसतिगृहात गैरसोयीची ठरते, कारण थाळी कलंडली की पाणी डब्यात शिरते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि त्यावर बाहेरून एक पिशवी एवढे सहसा पुरते. लाडू काढताना हात कोरडा असणे किंवा चमचा वापरणे हा सर्व पदार्थांना लागू पडणारा नियम आहे.

## हे सुद्धा पहा

* लाडू
* थेपला
* खाकरा
* चिवडा
* फराळ